वॉशिंग मशीनच्या इनलेट नळीला फुगा आला आहे : किती दिवस चालेल, आणि नवी ब्रेडेड नळी कोणती घ्यावी?

अवलोकिता

आमच्या वॉशिंग मशीनच्या थंड पाण्याच्या इनलेट नळीला, मशीनकडच्या टोकापासून सात-आठ सेंटिमीटरवर, एका अंगाला फुगा आलेला दिसला. नळी मशीनबरोबर आलेली, साध्या काळ्या रबराची आहे आणि मशीनइतकीच, म्हणजे नऊ वर्षांची आहे. इतर ठिकाणी तिचा बाहेरचा व्यास १८ मिलिमीटर भरतो, तर फुग्यापाशी तो २७ मिलिमीटर आहे. नळ उघडा असताना फुगा टणक लागतो. नळ बंद करून मशीनला थोडे पाणी घेऊ दिले की तो मऊ पडतो, पण पूर्ण बसत नाही. पाण्याचा एक थेंबही कुठे गळत नाही.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. गळती नसताना अशी नळी आणखी काही दिवस वापरता येते का? फुगा पाण्याच्या दाबामुळे येतो की नळीच्या वयामुळे? आणि बदलायचीच असेल तर स्टीलची जाळी असलेली नळी घ्यावी की रबराचीच चांगल्या प्रतीची घ्यावी?

तळमजला

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते थांबण्यासारखे नाही. मशीनचा नळ आत्ताच बंद करा आणि नवी नळी बसेपर्यंत तो उघडू नका. आमच्या वरच्या घरातील अशीच नळी घरात कोणी नसताना फुटली आणि आमचे छत, भिंती आणि लाकडी कपाटे सगळी भिजली. मशीन त्या वेळी चालू नव्हते, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. पाणी अडवणारा व्हॉल्व्ह मशीनच्या आत असतो. त्यामुळे नळ उघडा असेल तर नळ आणि तो व्हॉल्व्ह यांच्यामधली नळी दिवसरात्र पूर्ण दाबाखाली राहते, मग कपडे धुवा अथवा धुऊ नका. उघड्या तोंडातून मिनिटाला २० लिटर पाणी गेले असे धरले, तरी आठ तासांत ९,६०० लिटर पाणी जमिनीवर येते.

विवेकी

इतके घाबरण्याचे कारण मला दिसत नाही. फुगा दाबामुळे येतो, त्यामुळे दाब कमी केला की प्रश्न सुटतो. नळ पूर्ण न उघडता पाव उघडावा, म्हणजे नळीत दाब कमी येईल आणि ती बराच काळ टिकेल. फुग्यावर मजबूत चिकटपट्टी घट्ट गुंडाळली तर नवी नळी येईपर्यंत निश्चितच निभावते. स्टीलची नळी घेताना मात्र लोहचुंबक बरोबर न्यावे. चुंबक चिकटला तर ते स्टेनलेस स्टील नव्हे, असे समजून ती नळी घेऊ नये.

रबरवाला

मी अनेक वर्षे रबरी नळ्यांच्या उत्पादनात काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

विवेकी यांचा नळ पाव उघडण्याचा उपाय उपयोगी पडणार नाही. पाणी वाहत असताना अर्धवट उघडा नळ प्रवाह कमी करतो हे खरे आहे. परंतु मशीनचा व्हॉल्व्ह बंद झाला की प्रवाह थांबतो, आणि प्रवाह थांबला की नळाच्या दोन्ही बाजूंचा दाब काही क्षणांत सारखा होतो. नळी बहुतेक वेळ याच स्थितीत असते. म्हणजे पाव उघड्या नळाने मशीन भरायला वेळ लागेल, पण नळीवरचा स्थिर दाब तसूभरही कमी होणार नाही.

आता फुग्याविषयी. अशा नळीत तीन थर असतात. आत पाणी वाहून नेणारी रबराची नळी असते, तिच्यावर सुताची वीण असते आणि बाहेर पुन्हा रबराचे आवरण असते. दाब सहन करण्याचे काम मुख्यतः मधले सूत करते, आतील रबर फक्त पाणी अडवते. ज्या ठिकाणी सूत तुटते किंवा रबरापासून सुटते, त्या ठिकाणी रबराला एकट्याने दाब पेलावा लागतो आणि ते फुगते. बाहेर दिसणारा फुगा म्हणजे आतील सूत त्या जागी निकामी झाल्याची खूण आहे. गळती दिसत नाही याचा अर्थ एवढाच की रबर अजून फाटलेले नाही.

फुगा स्थिर का राहत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. नळीच्या भिंतीवर पडणारा ताण दाबाच्या आणि त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो, आणि भिंत जितकी पातळ तितका तो जास्त असतो. अवलोकिता यांच्या नळीचा व्यास १८ वरून २७ झाला, म्हणजे दीडपट झाला. तेवढेच रबर मोठ्या घेरावर पसरल्यामुळे भिंतीची जाडी ढोबळमानाने दोन-तृतीयांश उरली. दीडपट त्रिज्या आणि दोन-तृतीयांश जाडी म्हणजे तोच दाब असतानाही ताण सव्वादोनपट झाला. त्या ताणाने रबर आणखी फुगते, त्यामुळे ताण आणखी वाढतो, आणि फुग्याच्या कडेचे सूतही एकेक करून तुटू लागते. म्हणून फुगा आलेली नळी आणखी एक दिवस टिकेल की सहा महिने, हे बाहेरून कोणीही सांगू शकत नाही.

चिकटपट्टी गुंडाळल्याने फुगा दबत नाही, तो पट्टीच्या कडेला सरकतो, आणि वाईट म्हणजे नजरेआड होतो.

नवखा_०७

आमच्याकडेही हा त्रास आहे. मशीन पाणी बाहेर टाकते तेव्हा मागची राखाडी, घड्यांची नळी थरथरते आणि तिच्या तोंडातून कधीकधी पाणी उडते. ती नळीसुद्धा स्टीलच्या जाळीची मिळते का?

तळमजला

@नवखा_०७, आपण म्हणता ती सांडपाण्याची नळी आहे. तिला नळाचा दाब नसतो, पंप चालू असतानाच तिच्यातून पाणी जाते. तिच्यासाठी स्टीलची जाळी लागत नाही. तिचे तोंड नीट अडकवलेले आहे का आणि आत कचरा साचला आहे का, एवढे पाहा. हा धागा पाणी आत नेणाऱ्या नळीविषयी आहे.

ओंजळ

दाब की वय, या प्रश्नावर अंदाज बांधण्यापेक्षा दाब मोजणे सोपे आहे. पाऊण इंची आट्यांचा दाबमापक मिळतो. तो मशीनच्याच नळावर हाताने बसवायचा, नळ उघडायचा आणि घरातील इतर सर्व नळ बंद ठेवून आकडा वाचायचा. एकदा दिवसा आणि एकदा मध्यरात्रीनंतर वाचावा, कारण रात्री वापर कमी झाला की दाब वाढतो. शक्य असेल तर गाठलेल्या कमाल दाबावर अडकून राहणारा दुसरा काटा असलेला मापक घ्यावा, म्हणजे रात्री जागावे लागत नाही.

पाणी उंचावरच्या टाकीतून येत असेल तर पाण्याच्या पातळीपासून दर १० मीटर खाली साधारण १ बार, एवढा सोपा हिशोब आहे. दाब वाढवणारा पंप असेल तर मात्र मोजल्याशिवाय काही सांगता येत नाही.

हेमांगी

आमच्या मशीनला गरम आणि थंड अशा दोन नळ्या आहेत. गरम पाण्याची नळी थंड पाण्याच्या नळीच्या कितीतरी आधी कडक झाली आणि वाकवली तेव्हा बाहेरच्या आवरणावर बारीक चिरा दिसल्या. थंड पाण्याची त्याच वयाची नळी तेव्हा मऊ होती. त्यामुळे मला वाटते की वयापेक्षा तापमान महत्त्वाचे आहे. शिवाय मशीनमध्ये पाणी घेणाऱ्या तोंडाशी जी बारीक जाळी असते, तिच्यात काळे कण सापडले. ते नळीतूनच आले असतील का?

रबरवाला

@हेमांगी, बहुधा नळीतूनच. पाण्यातील क्लोरीनमुळे रबर आतून हळूहळू झिजते आणि उष्णतेमुळे ही क्रिया वेगाने होते. जाळीत काळे, बोटांनी चोळल्यावर डाग सोडणारे कण सापडले तर आतील थर सुटू लागला आहे असे समजावे. त्या वेळी बाहेरून नळी अगदी नवी दिसत असू शकते. लालसर किंवा कठीण कण मात्र पाइपातील गंजाचे किंवा मातीचे असतात, त्यांवरून नळीला दोष देऊ नये. वय आणि तापमान वेगळे काढता येत नाहीत, कारण तापमान हे वय झपाट्याने वाढवते, असे मी म्हणेन.

अवलोकिता

सर्वांचे मनापासून आभार. नळ पहिले उत्तर वाचताच बंद केला आहे. ओंजळ यांनी सांगितल्याप्रमाणे कमाल दाब धरून ठेवणारा मापक बसवला. दिवसा ३.२ बार दाब दिसला आणि रात्रभर ठेवल्यावर कमाल आकडा ५.६ बार आला. आमच्या इमारतीत पाणी पंपाच्या दाबाने येते. मशीनच्या माहितीपुस्तिकेत पाण्याचा दाब ०.५ ते १० बार चालेल असे लिहिले आहे.

आणखी एक निरीक्षण. मशीन आणि भिंत यांच्यात जेमतेम पाच सेंटिमीटर जागा आहे. मशीनकडचे टोक सरळ आहे, त्यामुळे नळी बाहेर येताच भिंतीला टेकून एकदम खाली वळते. फुगा त्या वळणाच्या बाहेरच्या अंगालाच आहे. मशीन पाणी घेणे थांबवते तेव्हा भिंतीतून ठक् असा आवाजही येतो.

ओंजळ

ही माहिती फार मोलाची आहे. ५.६ बार हा दाब मशीनच्या मर्यादेत आहे आणि धड नळीनेही तो सहज पेलायला हवा. त्यामुळे केवळ दाबाला दोष देता येणार नाही.

त्या आवाजाकडे मात्र लक्ष द्यावे. मशीनचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह क्षणार्धात बंद होतो आणि पाइपात वाहत असलेले पाणी एकदम थांबते. मशीन मिनिटाला ८ लिटर पाणी घेत असेल आणि पाइप आतून १५ मिलिमीटरचा असेल, तर पाण्याचा वेग सेकंदाला पाऊण मीटर होतो. ताठ धातूच्या पाइपात एवढा वेग तत्काळ थांबला तर ९ ते १० बारचा जादा धक्का बसू शकतो. ही वरची मर्यादा आहे. व्हॉल्व्ह अगदी तत्काळ बंद होत नाही आणि रबरी नळी थोडी ताणून धक्का झेलते, त्यामुळे प्रत्यक्षात तो बराच कमी असतो. पण एका धुण्यात व्हॉल्व्ह अनेकदा उघडझाप करतो आणि नऊ वर्षांत असे हजारो धक्के त्याच एका वळणावर बसले आहेत.

रबरवाला

ओंजळ यांच्याशी मी सहमत आहे, आणि माझ्या मते मूळ कारण ते वळण आहे. नळी तीव्रतेने वाकवली की बाहेरच्या अंगाचे सूत ताणलेले राहते आणि आतल्या अंगाचे चुरगळते. टोकाजवळ तर नळी धातूच्या कडीत दाबून बसवलेली असते, त्यामुळे ती तिथे हलू शकत नाही आणि सगळा वाक कडीच्या लगतच्या काही सेंटिमीटरमध्ये एकवटतो. दाबाचे धक्के आणि जुने झालेले रबर यांची त्यात भर पडली की फुगा कुठे येणार हे जवळपास ठरलेले असते. फुटलेल्या नळ्या तपासताना मी दोष बहुतेक वेळा टोकांजवळ किंवा मुरडलेल्या जागी पाहिला आहे, मधल्या सरळ भागात क्वचितच.

याचा नव्या नळीच्या निवडीशी थेट संबंध आहे. कितीही भारी नळी आणली आणि त्याच पाच सेंटिमीटरच्या जागेत तशीच दाबली, तर ती नळीही तिथेच खराब होईल. त्यामुळे मशीनकडच्या टोकाला काटकोनी जोड असलेली नळी घ्यावी. काटकोनी टोक थेट खाली तोंड करून बसते आणि नळी भिंतीला न टेकता लोंबते. लांबीही नेमकी असावी. तोकडी नळी ताणून बसवू नये आणि फार लांब नळी वेटोळे करून मशीनमागे कोंबू नये.

विवेकी

नळ अर्धवट उघडण्याचा मुद्दा मला पटला. पण मग स्टीलच्या जाळीच्या नळीबद्दल कोणी स्पष्ट का बोलत नाही? स्टीलची जाळी असेल तर रबर फुगूच शकत नाही. ती एकदा बसवली की पुन्हा बदलण्याची गरज नसावी.

रबरवाला

स्टीलची जाळी आतील नळीला बाहेरून धरून ठेवते, म्हणून फुगा येत नाही, एवढे खरे आहे. मात्र त्यातच तिची अडचण आहे. साध्या रबरी नळीने अवलोकिता यांना फुग्याच्या रूपाने पूर्वसूचना दिली. स्टीलच्या जाळीखालचे रबर कडक झाले, चिरले किंवा कडीतून सुटू लागले तरी बाहेरून काही दिसत नाही. अशी नळी चांगली दिसता दिसता एकदम गळू लागते. त्यामुळे ती वय पाहून बदलायला हवी, रूप पाहून नव्हे. अनेक उत्पादक पाच वर्षांनी नळी बदलायला सांगतात आणि ब्रेडेड नळीलाही मी तोच नियम लावतो.

दुसरी गोष्ट गंजण्याची. स्टेनलेस स्टीललाही क्लोराइडमुळे गंज धरतो आणि त्याच्या बारीक तारा ताणाखाली तडकतात. मशीनशेजारी ब्लीचच्या उघड्या बाटल्या ठेवलेल्या असतील किंवा धुण्याचे द्रावण नळीवर ओघळत असेल, तर जाळीच्या तारा एकेक करून तुटू लागतात. कडीच्या लगत तपकिरी डाग किंवा बोटाला टोचणारी तुटकी तार दिसली, तर त्या नळीचे आयुष्य संपले.

चुंबकाविषयीही सांगतो. मुलामा दिलेले साधे पोलाद चुंबकाला घट्ट चिकटते, त्यामुळे चुंबक जोरात ओढला गेला तर ती नळी घेऊ नये, इतपत आपले म्हणणे बरोबर आहे. परंतु चांगल्या स्टेनलेस स्टीलची तारही ओढून बारीक करताना किंचित चुंबकीय होते, म्हणून चुंबक हलकेच ओढला गेला तर त्यावरून खोटेपणा सिद्ध होत नाही. आणि चुंबक अजिबात चिकटला नाही तर ती जाळी अॅल्युमिनियमची किंवा चंदेरी रंग दिलेल्या प्लास्टिकची असण्याचीही शक्यता उरते. चुंबकाने एक प्रकारची खोटी नळी ओळखता येते, सगळ्या नाही.

नळजोडणी

मी नळजोडणीचे काम करतो. वरची चर्चा योग्य आहे, पण जाळीकडे सगळ्यांचे जितके लक्ष आहे तितके दोन्ही टोकांच्या चाक्यांकडे नाही. स्टीलच्या जाळीची नळी आणि तिला पातळ प्लास्टिकची चाकी, हा प्रकार मी वारंवार पाहतो. नळी शाबूत राहते आणि चाकीला उभी चीर जाते, विशेषतः कोणी ती पान्याने जोर लावून आवळलेली असेल तर. नळाकडची चाकी शक्यतो पितळेची घ्यावी. मशीनकडे व्हॉल्व्हचे आटे प्लास्टिकचे असतात, तिथे पितळेची चाकी तिरकी चढवली तर आटे कापले जातात. म्हणून सुरुवातीचे काही फेरे हातानेच, काही अडत नाही ना हे पाहत फिरवावेत.

आट्यांची जातही पाहावी. बहुतेक देशांत पाऊण इंची आट्यांत इंचाला १४ फेरे असतात, तर उत्तर अमेरिकेतील मशीनच्या नळ्यांवर बागेच्या नळीचे आटे असतात आणि त्यांत इंचाला साडेअकरा फेरे असतात. दोन्हींना पाऊण इंचीच म्हणतात, त्यामुळे दुसऱ्या देशातून आणलेल्या मशीनला इथली नळी एखादा फेरा धरते आणि मग अडते. तिथे जोर लावू नये.

ओंजळ

नळीवर किंवा कडीवर छापलेले आकडे वाचताना एक काळजी घ्यावी. कमाल वापराचा दाब वेगळा आणि फुटण्याचा दाब वेगळा. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आकडा पुष्कळदा फुटण्याचा असतो, आणि तो वापराच्या दाबाच्या कितीतरी पट असतो. आपल्याला पाहायचा आहे तो वापराचा दाब, आणि तोही कोणत्या तापमानाला दिला आहे ते. अवलोकिता यांना १० बार वापराच्या दाबाची नळी पुरेशी आहे. हेमांगी यांच्या गरम पाण्याच्या जोडणीसाठी मात्र तापमानाचा आकडा आधी पाहावा, कारण फक्त थंड पाण्यासाठी बनवलेल्या नळ्याही त्याच रूपात विकल्या जातात. उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असेल तर तेही पाहावे, कारण फडताळावर पडून राहिलेले रबरही जुने होते.

हेमांगी

नळाच्या टोकाशी पाणी बंद करणाऱ्या सुरक्षा नळ्या मिळतात, त्यांचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. माझ्या बहिणीच्या मशीनला तशी नळी आहे. तिच्या नळाकडच्या टोकाला मोठा ठोकळा आहे.

ओंजळ

त्या दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात विजेवर चालणारा व्हॉल्व्ह नळाकडच्या ठोकळ्यातच असतो आणि मशीन पाणी मागेल तेव्हाच तो उघडतो. त्यामुळे एरवी नळीवर दाबच राहत नाही, आणि तळमजला यांनी सांगितलेला मूळ धोकाच त्यातून नाहीसा होतो. या नळीतून विजेच्या तारा मशीनपर्यंत गेलेल्या असतात, म्हणून ती कापता येत नाही आणि मशीनमध्ये मुळातच तशी सोय असावी लागते. दुसरा प्रकार यांत्रिक आहे. त्यात नळीभोवती दुसरी नळी असते. आतली गळू लागली की मधल्या जागेत आलेले पाणी ठोकळ्यातील झडप बंद करते आणि छोट्या खिडकीत लाल खूण दिसते. ही नळी कोणत्याही मशीनला चालते, मात्र एकदा बंद झाली की सहसा पूर्ण नळीच बदलावी लागते. मशीन एकदम पाणी घेईनासे झाले तर ती लाल खूण आधी पाहावी.

माझे स्वतःचे मत असे आहे की पंपाच्या दाबाच्या इमारतीत, आणि खाली दुसऱ्यांची घरे असताना, स्टीलच्या जाळीपेक्षा दुहेरी भिंतीची सुरक्षा नळी अधिक उपयोगी आहे.

तळमजला

या मताला माझे पूर्ण अनुमोदन आहे. खाली राहणाऱ्याला जाळी कशाची होती याने काही फरक पडत नाही, पाणी थांबले की नाही याने पडतो.

विवेकी

दुहेरी नळी जाड आणि ताठ असते आणि तिचा ठोकळाही मोठा असतो. पाच सेंटिमीटरच्या जागेत ती बसेल का, हे मोजल्याशिवाय ठरवू नये. शिवाय रोज धुणे झाल्यावर नळ बंद करण्याची सवय लावली तर साधी चांगली नळीही पुरेशी आहे, असे मला अजूनही वाटते.

नळजोडणी

नळ बंद करण्याची सवय उत्तमच आहे, तिला विरोध नाही. मात्र नळ बंद केल्यावर नळीत अडकलेला दाब तसाच राहतो. तो नळ आणि मशीनचा व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कोंडलेला असतो. नळी काढायची असेल तर नळ बंद करून मशीनला काही सेकंद पाणी घेऊ द्यावे, म्हणजे दाब उतरतो. नाहीतर चाकी सैल होताच पाणी अंगावर येते. एरवी कोंडलेल्या दाबाने नळी फुटली तरी तिच्यातले जेमतेम पेलाभर पाणीच सांडते.

बसवताना टोकाच्या सपाट रबरी चकत्या नव्या घ्याव्यात. पाणी अडवण्याचे काम चकती करते, आटे नव्हे, म्हणून आट्यांवर पांढरी फीत गुंडाळण्याची गरज नसते. चाकी हाताने पूर्ण आवळून नंतर फार तर पाव फेरा पान्याने द्यावा. नळ हळूहळू उघडावा, दोन्ही सांध्यांखाली कोरडा कागद धरून पाहावा, आणि पहिले धुणे झाल्यावर व दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे.

अवलोकिता

सर्वांचे म्हणणे वाचून मी मागची जागा मोजली आणि मशीन पुढे ओढून ती बारा सेंटिमीटर केली. दुहेरी भिंतीची यांत्रिक सुरक्षा नळी घेतली. तिचे मशीनकडचे टोक काटकोनी आहे आणि नळाकडच्या ठोकळ्याला पुरेशी जागा आहे. दोन्ही सांधे कोरडे आहेत.

रबरवाला यांचे विश्लेषण पडताळण्यासाठी जुनी नळी फुग्यापाशी उभी कापून पाहिली. वळणाच्या बाहेरच्या अंगाला सुताचे बरेच पदर तुटलेले होते आणि त्या जागी आतील रबराची भिंत कागदासारखी पातळ झाली होती. आतल्या पृष्ठभागावर आडव्या बारीक भेगा होत्या. नळीच्या मधल्या सरळ भागाचा तुकडाही कापला. तिथे सूत अखंड होते, पण आतील रबरावर भेगा तशाच होत्या, फक्त कमी खोल. भेगा सगळीकडे आणि सूत तुटलेले फक्त वळणावर, यावरून वय आणि वळण दोन्ही कारणीभूत होते असे मला वाटते.

आता एकच प्रश्न उरला आहे. नळीवर धक्का बसताना येणारा ठक् आवाज नव्या नळीनंतर किंचित वाढल्यासारखा वाटतो. हे चिंतेचे आहे का?

रबरवाला

कापून पाहिल्याबद्दल धन्यवाद, असे निरीक्षण फार क्वचित कोणी नोंदवते. आवाज वाढण्याचे कारण असे असू शकते की जुनी मऊ नळी ताणून धक्क्याचा काही भाग झेलत होती आणि नवी ताठ नळी तो झेलत नाही. स्टीलच्या जाळीची नळी बसवल्यावरही लोकांना हाच अनुभव येतो. नळीला त्याने लगेच धोका नाही, पण धक्का आता पाइपाकडे परत जातो आहे.

ओंजळ

यावर दोन उपाय आहेत. घराच्या मुख्य जोडणीवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून तो ३ बारवर ठेवता येतो, त्यामुळे रात्रीचा ५.६ बारचा चढ नाहीसा होईल आणि पाणी आत येण्याचा वेग कमी झाल्यास धक्काही थोडा उतरेल. किंवा मशीनच्या नळाला लागून धक्का झेलणारी छोटी कुपी बसवता येते, जिच्यात दट्ट्यामागे हवा कोंडलेली असते. कुपी व्हॉल्व्हच्या जितकी जवळ तितकी परिणामकारक. मी आधी कुपी बसवून पाहीन.

नळजोडणी

मी आधी भिंतीतील पाइपाचे पट्टे तपासायला सांगेन. पाइप पट्ट्यात सैल असेल तर लहान धक्क्यानेही तो भिंतीवर आपटतो आणि आवाज प्रत्यक्ष धक्क्यापेक्षा मोठा वाटतो. नळ हातात धरून मशीनला पाणी घेऊ द्या आणि थांबताना नळ हलतो का ते पाहा. हलत असेल तर पट्टा आधी घट्ट करावा, नंतर कुपीचा विचार करावा.

हेमांगी

मीही दोन्ही नळ्या एकदमच बदलते आहे, कारण गरम पाण्याची नळी संपली असेल तर तिच्याच वयाची थंड पाण्याची नळी ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही. नव्या नळ्यांच्या कडीवर आजची तारीख कायम शाईने लिहून ठेवणार आहे. गरम पाण्यासाठी यांत्रिक सुरक्षा नळी चालते का, हे कोणी वापरून पाहिले असेल तर कृपया लिहावे.

ओंजळ

@हेमांगी, अशा बऱ्याच सुरक्षा नळ्या फक्त थंड पाण्यासाठी असतात, त्यामुळे ठोकळ्यावरचा तापमानाचा आकडा वाचल्याशिवाय घेऊ नका. तो नसेल तर गरम बाजूला योग्य तापमानाची ब्रेडेड नळी घेऊन तिचा नळ धुण्यानंतर बंद ठेवणे अधिक बरे.